पहिली चुकलेली ओळ

जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला चूक दाखवायची आणि वर सांगायचं, की ती दुरुस्त करायची नाही, म्हणजे मांजरापुढे दूध ठेवून त्याला उपासाचं महत्त्व सांगण्यासारखं आहे. आम्हां नवराबायकोला नेमकं असंच काम मिळालं, आणि ते आम्ही दोघांनी हौसेने घेतलं.

काम आणलं ते आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने. ती पुण्यात असते. मराठीतून गणितं सोडवायला शिकणारा एक संगणकाचा प्रोग्राम आहे, त्याने लिहिलेली उत्तरं तपासायला जाणती माणसं हवी होती. ती म्हणाली, "सर आणि मॅडम दोघंही घरीच असता, मग कराल का?" आमच्या ह्यांना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, मी नुकतीच झाले होते. पेडण्यात आमचं घर आहे, पडवीत मेज आहे, आणि रिकामपण दोघांनाही मानवत नव्हतं. माझं रिकामपण तर ह्यांनाही मानवत नव्हतं, कारण ते मी ह्यांच्यावर काढत होते.

कामाची रीत सोपी. एका उदाहरणाचं सोडवलेलं उत्तर समोर येतं. प्रत्येक ओळीला क्रमांक असतो. पहिल्या ओळीपासून वाचत जायचं, आणि ज्या ओळीत विचार पहिल्यांदा चुकतो तिचा क्रमांक परत पाठवायचा. सोबत कारण लिहायचं, एकदोन वाक्यांत. कुठेच चूक नसेल तर तसं लिहायचं. त्या पहिल्या चुकलेल्या ओळीच्या खाली काय आहे त्याच्याशी आपला संबंध नाही. खालचं सगळं बरोबर दिसलं तरी नाही, शेवटचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं तरी नाही.

ऐकायला सोपं. पण आम्ही मास्तर माणसं. परीक्षेचे पेपर तपासताना मुलाला काय म्हणायचं होतं ते आपण ओळखतो, त्याने गाळलेली पायरी मनातल्या मनात भरतो, आणि गुण देऊन पुढे जातो. ती सवय इथे नडली. सुरुवातीलाच एक समीकरण आलं होतं: क्षचा वर्ग बरोबर सात क्ष. दुसऱ्या ओळीत दोन्ही बाजूंना क्षने भागलं होतं. तिसऱ्या ओळीत क्ष बरोबर सात, झालं. मी दोन नंबरची ओळ पाठवली. क्ष शून्य असू शकतो, शून्याने भागता येत नाही, आणि तिथेच एक उत्तर गळून पडलं. ह्यांनी तीन नंबरची पाठवली.

"उत्तर अपुरां आसा, म्हणान तीन," हे चहा पिताना म्हणाले. "सात चुकीचा नाय. दुसरां उत्तर लिवूक विसरलो तो."

"तो विसरला नाही. त्याने दोन नंबरात शून्याचा गळा दाबला," मी म्हटलं. "तुम्ही त्याच्या मनात शिरून त्याला माफ करता."

"तीस वर्सां तांच केलां मगे."

ह्यावर आम्ही दोघं हसलो. तो मास्तरकीचा रोग आमच्या घरात पुष्कळ दिवस थट्टेचा विषय झाला होता. हे कुणाला बिस्किट पुढे केलं तरी मी म्हणायची, बघा, त्याने मागितलं नाही, तरी ह्यांनी पायरी भरली.

आमचे हे गणिताचे शिक्षक म्हणून पेडण्यातच नव्हे, डिचोलीकडेही नावाजलेले. पहिली नोकरी तिकडचीच. खाणीवरचे ट्रक धुरळा उडवत शाळेसमोरून जायचे आणि हे खिडक्या लावून घेऊन भूमिती शिकवायचे, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. मीसुद्धा गणिताचीच, पण माझं गणित कष्टाचं. मी ओळ ओळ घासून पुढे जाते. ह्यांना ओळ दिसायची. फळ्याकडे पाठ करून उभे असायचे आणि मागे कुणी चुकीचं लिहिलं तर खडूच्या आवाजावरून वळायचे, असं मी लग्नाआधी ऐकलं होतं. लग्नानंतर कळलं की ते खोटं आहे, पण अगदीच खोटंही नाही.

काही महिन्यांनी पुण्याच्या मुलीने माझं काम बदललं. प्रत्येक उत्तर दोन माणसं स्वतंत्रपणे तपासतात. दोघांचा क्रमांक जुळला तर प्रश्न मिटला. नाही जुळला, तर तिसऱ्याकडे जातं, आणि तिसऱ्याचा शब्द शेवटचा. मला तिसरी केलं. मी तिला आधीच सांगितलं, की बाई, माझा नवराही तपासणारा आहे. ती म्हणाली, "मॅडम, नावं दिसत नाहीत. एक नंबर तपासनीस, दोन नंबर तपासनीस, एवढंच. तुम्हांला कळणारसुद्धा नाही." हेही तिने सांगितलं, की ज्याचं मत फार वेळा खोटं ठरतं त्याला काम देणं बंद होतं. ती सहज बोलली. मीही सहज ऐकलं.

मला कळणार नाही म्हणे. ज्या माणसाने वाण्याच्या चिठ्ठीतसुद्धा "नारळ, मध्यम" असं लिहिलं, त्याचं लिहिणं मला कळणार नाही? पहिल्याच आठवड्यात एका कारणात वाचलं, "येथे वाट सोडली." दुसरा कुणी असं लिहीत नाही. बाकीचे "सूत्र चुकीचे वापरले आहे" वगैरे लिहितात. हे फळ्यावर मुलाच्या गणिताशेजारी उभे राहून तेच म्हणायचे, येथे वाट सोडली. मी संगणकाच्या पडद्याकडे बघून हसले आणि ह्यांना काही सांगितलं नाही. ते पडवीत मेजाशी, मी आत, आणि मध्ये एक भिंत. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

एक दिवस फार चांगला गेला. वर्गमुळाचं समीकरण होतं. क्ष अधिक सातचं वर्गमूळ बरोबर क्ष उणे पाच. उत्तर लिहिणाऱ्याने दोन्ही बाजूंचा वर्ग केला, वर्गसमीकरण मांडलं, अवयव पाडले, क्ष दोन किंवा नऊ असं काढलं, आणि शेवटच्या ओळीत लिहिलं की म्हणून दोन्ही उत्तरं मूळ समीकरणाची आहेत. दोन घालून बघितलं तर डावीकडे तीन येतात आणि उजवीकडे उणे तीन. म्हणजे दोन हे उत्तरच नाही. एका तपासनीसाने वर्ग केलेली ओळ चूक ठरवली होती. दुसऱ्याने शेवटची, आणि कारण दिलं होतं: "वर्ग करणे हा गुन्हा नव्हे. पडताळा न घेता पाहुण्याला घरचा म्हणणे हा गुन्हा."

बरोबर होतं. मूळ समीकरण खरं असेल तर त्याचा वर्गही खराच असतो, तिथे काही चुकत नाही, फक्त एखादं आगंतुक उत्तर आत येतं. त्याला दारात थांबवायचं काम पुढच्या ओळीचं. मी शेवटच्या ओळीचा क्रमांक कायम केला आणि बाहेर जाऊन ह्यांच्या पुढ्यात पावाच्या उंड्याला लोणी लावून ठेवलं. हे म्हणाले, "आज काय गो?" मी म्हटलं, "काही नाही. खा."

मग वादात येणाऱ्या उत्तरांत हे जास्त दिसू लागले. मला आधी त्यात वावगं काही वाटलं नाही. बहुतेक वेळा त्यांचा क्रमांक खरा क्रमांक सोडून एकदोन ओळी पुढचा असायचा, आणि मी म्हणायची, भरली पायरी, आमचे दयाळू मास्तर. मी त्यांच्याविरुद्ध निकाल द्यायची आणि जेवताना आडून टोमणा मारायची, की काही लोकांना दुसऱ्याच्या चुकांचं फार वाईट वाटतं. ते मान खाली घालून भात कालवायचे. कारणं मात्र लांब होत चालली होती. चार शब्दांत मिटणाऱ्या गोष्टीला आता सातआठ ओळी. त्यात तीच गोष्ट फिरून फिरून यायची. मला वाटलं, काम मनावर घेतलंय, बारकाईने लिहितात. कौतुकच वाटलं.

त्यानंतर ते गाडीचं उदाहरण आलं. काजूचे दिवस होते. परसातून बोंडूंचा आंबूस वास घरात येत होता आणि मी जनेलाची दारं लावून बसले होते. उदाहरण सातवीच्या पुस्तकातलं शोभेल इतकं साधं. एक गाडी एका गावाहून दुसऱ्या गावाला ताशी साठ किलोमीटरने जाते आणि त्याच रस्त्याने ताशी चाळीसने परत येते. सगळ्या प्रवासाचा सरासरी वेग किती? पहिल्या ओळीत दिलेली माहिती. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, जाण्यायेण्याचं अंतर सारखं आहे म्हणून सरासरी वेग म्हणजे दोन्ही वेगांची सरासरी. तिसऱ्या ओळीत साठ अधिक चाळीस भागिले दोन, पन्नास. चौथीत उत्तर, पन्नास.

एका तपासनीसाने दोन नंबरची ओळ पाठवली होती. ती बरोबर. येताना गाडी हळू आहे, म्हणून ती रस्त्यावर जास्त वेळ असते. त्या हळू वेगाचं वजन जास्त पडायला हवं. एकूण अंतराला एकूण वेळाने भागलं की अठ्ठेचाळीस येतात, पन्नास नाही.

दुसऱ्याने लिहिलं होतं, चूक नाही. खाली लांबलचक कारण. अंतर सारखे आहे, रस्ता तोच आहे, म्हणून दोन्ही वेगांचा मान सारखा धरणे योग्य, कारण रस्ता तोच आहे आणि अंतर सारखे आहे, तेव्हा वाट कोठेही सोडलेली नाही.

मी ते पुन्हा वाचलं. हे उदाहरण म्हणजे ह्यांच्या घरचं उदाहरण. पेडणे ते म्हापसा बस, जाताना तीस, येताना वीस. दरवर्षी पहिल्या आठवड्यात वर्गाला घालायचे. सगळा वर्ग पंचवीस म्हणून ओरडायचा, मग हे खडू खाली ठेवून विचारायचे, "बसमध्ये जास्त वेळ कधी बसलास? जाताना की येताना?" ह्या तालुक्यात चाळिशीच्या पुढच्या निम्म्या लोकांना गणितातलं दुसरं काही आठवत नसेल, पण पंचवीस नव्हे चोवीस हे आठवतं. तो माणूस दोन नंबरच्या ओळीवरून सरळ चालत गेला होता.

इथे भरायला पायरी नव्हती. माफ करायला कुणी विद्यार्थी नव्हता. मास्तरकीचा रोग म्हणून हे खपत नव्हतं.

मी निकाल दिला नाही. पडदा तसाच ठेवून उठले आणि भांडी घासायला घेतली, जी आधीच घासलेली होती. मनात म्हटलं, वाचलंच नसेल नीट. डुलकी लागली असेल. काजूच्या वासाने माणूस सुस्तावतो. एकदा वाटलं, चूक नाही असंच कायम करून टाकावं, कुणाला कळतंय? पण मग त्या प्रोग्रामला आयुष्यभर पन्नास बरोबर वाटणार, आणि उद्या तो कुणा पोराला तेच सांगणार. आणि ह्यांच्याविरुद्ध निकाल द्यावा, तर तो कितवा होईल कोण जाणे. हे काम गेलं तर ह्यांनी सकाळी उठून कुठे बसायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

बाकी माणूस ठीक होता, हेच मला खात होतं. पोदेराकडून पाव घेताना सुट्टे मोजून घ्यायचे. म्हापशाला जाऊन माझ्या चष्म्याची दांडी बसवून आणायचे. मुरगावला बंदरात नोकरी करणाऱ्या मुलाशी फोनवर जहाजांबद्दल वाद घालायचे. विसरणं नाही, हरवणं नाही. मग मी आधीचे निकाल आठवू लागले. दयाळूपणा म्हणून मी हसून सोडून दिलेल्या त्या पुढच्यापुढच्या ओळी, त्यांतल्या किती दयाळूपणाच्या आणि किती न दिसण्याच्या? निकाल दिला की ते उत्तर परत उघडत नाही. मला स्वतःच्या आठवणीत शोधावं लागत होतं, आणि तिथे मीच सगळ्या गाळलेल्या पायऱ्या प्रेमाने भरून ठेवल्या होत्या. माझा मला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी पडवीत जाऊन बसले आणि उगाच बोलल्यासारखं विचारलं, "ते बसचं उदाहरण काय हो तुमचं? जाताना तीस, येताना वीस?"

"चोवीस," हे म्हणाले. कप तोंडाशी नेतानेता म्हणाले. विचारसुद्धा केला नाही.

माझा जीव भांड्यात पडला. एवढं हलकं वाटलं की मी त्यांना आणखी अर्धा कप ओतला. म्हटलं, बघ, उगाच रात्र जागून काढलीस. डुलकीच होती. उठायच्या बेतात होते, पण माझा स्वभाव असा, की पडताळा घेतल्याशिवाय मला उत्तर पचत नाही. मी म्हटलं, "आणि जाताना चाळीस, येताना दहा? घाटात अडकली म्हणा."

"पंचवीस."

मी किटली खाली ठेवली. हे माझ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं वर्गासमोर उभा राहिलेला माणूस, समोरच्याचा चेहरा वाचता येतो त्याला.

"काय गो? चुकला?"

"कसं काढलं ते सांगा."

"कागद हाड."

मी कागद आणला. त्यांनी ओळींना क्रमांक घातले, आमच्या कामात असतात तसे. एक, जाताना चाळीस, येताना दहा. दोन, अंतर सारखं. तीन, म्हणून दोन्ही वेगांना सारखं वजन. चार, बेरीज पन्नास, भागिले दोन, पंचवीस. अक्षर तेच, फळ्यावरचं, सुबक. मग पेन्सिल एकेका ओळीवर ठेवत वरून खाली गेले. पुन्हा वर आले. तिसऱ्या ओळीवरून पेन्सिल न थांबता जात होती, आणि ती जाताना बघणं मला सोसत नव्हतं.

"माका चूक दिसना नाय," ते म्हणाले.

"अंतर धरून करा," मी म्हटलं. "चाळीस किलोमीटर धरा."

त्यांनी शेजारी दुसरं मांडलं. जायला एक तास. यायला चार तास. एकूण ऐंशी किलोमीटर, एकूण पाच तास. ऐंशी भागिले पाच, सोळा. एकही ओळ अडली नाही, हात कुठे थबकला नाही. मग दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बसले. पंचवीस आणि सोळा. एका प्रवासाचे दोन वेग.

"सोळा बरोबर," ते म्हणाले. "ह्यातली सगळी ओळ माका पटता. पण पंचवीसाचांसुद्धा पटता. अंतर सारखा, मगे वजन सारखा कित्याक नाय?"

मी समजावून सांगितलं. हळू वेगाने आपण जास्त वेळ असतो, वजन वेळेचं धरायचं. ते "होय, होय" म्हणाले, पण औषध घेताना माणूस होय म्हणतो तसं. आयुष्यभर जे वाक्य त्यांनी हजार मुलांना सांगितलं होतं, ते मी त्यांना सांगत होते आणि त्यांना ते नवं होतं. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. मुलाच्या जन्माच्या वेळीही नाही.

रस्त्यावरून तुयेच्या कारखान्याची बस गेली, तिला हात करून कुणीतरी धावत गेलं, ते आम्ही दोघांनी बघितलं.

"खंयची ओळ?" त्यांनी विचारलं. "तू सांग. क्रमांक सांग."

"तीन," मी म्हटलं.

त्यांनी तिसऱ्या ओळीपुढे फुली मारली. मग हळूच म्हणाले, "तिसऱ्याकडे जाता ता तुझ्याकडे येता, होय मगे? गाडीचा उदाहरण काल माझ्याकडे इल्लां. साठ आणि चाळीस."

मला खोटं बोलता आलं असतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी मान हलवली.

"पाठवलंस?"

"नाही."

"पाठव," ते म्हणाले. "माझ्याविरुद्ध पाठव. माझ्यासमोर."

मी आतून लॅपटॉप आणला, दोन नंबरची ओळ कायम केली आणि पाठवली. ते शेजारी बसून बघत होते, आणि माझं कारण त्यांनी वाचून बघितलं. त्यात एक शब्द जास्त होता, तो त्यांनी काढायला लावला. मग त्यांनी स्वतः पुण्याला फोन लावला आणि आपण काम थांबवतो म्हणून सांगितलं. ती मुलगी म्हणत होती, "सर, तुमचं काम वाईट नाही, निकाल जुळण्याचे आकडे अजून चांगले आहेत." हे म्हणाले, "आकडे चांगले दिसतात, बाळ. पण मला आता ओळ दिसत नाही. न दिसणाऱ्याने सांगू नये." फोन ठेवून परसात गेले आणि बोंडू गोळा करत बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग तोंड धुऊन मुलाला फोन केला, तेव्हा त्याच्यावर विनाकारण ओरडले.

म्हापशाला डॉक्टरांकडे आम्ही पुढच्या आठवड्यात गेलो. मुलगा येतो म्हणत होता, ह्यांनी त्याला येऊ दिलं नाही. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी ह्यांना घड्याळ काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला लावले, शंभरातून सात सात वजा करायला लावले. हे भराभर वजा करत गेले, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, आणि डॉक्टर थोडे गोंधळल्यासारखे दिसले. मला आनंद झाला, आणि लगेच कळलं की हा आनंद त्या सकाळच्या चोवीसच्या जातीचा आहे, टिकणारा नव्हे.

मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

मी तयारीने आले होते. मी गाडीच्या उदाहरणाचा दिवस सांगितला. बसचं, चाळीस आणि दहाचं, सगळं सांगितलं. फार तर त्याच्या आधीचे काही आठवडे, म्हटलं, कारणं लांब व्हायला लागली तेव्हापासून. डॉक्टर लिहून घेत होते.

"नाही, डॉक्टर," हे म्हणाले. "त्याच्या आधी."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"निवृत्तीनंतर मी घरी शिकवणी घेत असे," ते म्हणाले. "एके दिवशी फळ्यावर एक सिद्धता लिहीत होतो. दोन ओळी लिहिल्या, तिसरी लिहिली. तिसरी दुसरीवरून का निघते, ते मला कळलं नाही. ती बरोबर आहे हे ठाऊक होतं. पाठ होती. मुलं उतरवून घेत होती. मी पुढच्या सगळ्या ओळी पाठ म्हटल्यासारख्या लिहिल्या. आठवडाभर पुस्तक काढून ती एकच पायरी बघत होतो. नंतर शिकवणी बंद केली. घरी सांगितलं, कंटाळा आला."

डॉक्टरांनी विचारलं, "मग हे तपासायचं काम कसं घेतलंत?"

"वाटलं, ओळी दुसऱ्याच्या असल्या तर दिसतील. काही दिवस दिसल्यासुद्धा. नंतर मी आकडे घालघालून चूक शोधायचो, म्हणून कारणं लांब व्हायची." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला वाटलं मी दया करतो. मी वाटू दिलं."

शिकवणी बंद केल्यावर मी ह्यांना काय काय बोलले होते ते मला आठवलं. आळशी म्हटलं होतं, घरकोंबडा म्हटलं होतं, चार माणसांत म्हटलं होतं, आणि हे हसले होते. मला त्यांचा भयंकर राग आला, की इतकी वर्षं एका छपराखाली राहून हे एकट्याने धरून बसले. आणि त्या रागाखाली, खरं सांगायचं तर, अभिमान होता. मी दाखवलेल्या ओळीच्या कितीतरी वरची ओळ त्या माणसाने स्वतःच्या विरुद्ध, न विचारता, काढून दिली होती.

"कोणतं वर्ष ते?" डॉक्टरांनी विचारलं.

ह्यांनी वर्ष सांगितलं, महिनाही सांगितला. डॉक्टरांनी मी सांगितलेली तारीख खोडली आणि तिच्यावर ह्यांची लिहिली.